पाण्याला पक्का, उन्हाला कच्चा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी पडदे उतरवण्याचं काम माझ्याकडे असतं. स्टुलावर चढायचं, कड्या काढायच्या आणि खाली उभ्या असलेल्या सौभाग्यवतींच्या हातात धुळीसकट पडदा सोडायचा. गेल्या वर्षी पश्चिमेकडच्या खिडकीचा पडदा असाच खाली सोडला, तेव्हा तिनं त्याची खालची दुमड उसवून आतला कपडा मला दाखवला. आत गर्द मोतिया, अगदी दुकानातून आणला त्या दिवशीचा. बाहेर मात्र पांढरट गुलाबी, आणि मधे इंचभर अंतरसुद्धा नाही. "पक्का रंग आहे म्हणाला होता ना तुमचा दुकानदार?" तिनं विचारलं. दुकानदार 'माझा' कधीपासून झाला हे मी विचारलं नाही. कारण त्या दुमडीकडे बघताना मला तीस वर्षांपूर्वीचा एक हिरवा कपडा आठवला होता आणि त्या बाबतीत दोष थोडा माझ्याकडेही येत होता.

मी बँकेत होतो आणि 1994 साली इचलकरंजीच्या शाखेत फिल्ड ऑफिसर होतो. इचलकरंजी म्हणजे कापडाचं गाव. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून त्या गावाला खटखटीशिवाय झोप लागत नाही, असं म्हणतात. माग विणतो तो कोरा, मळकट पांढरा कपडा. त्याला रंग चढतो तो प्रोसेसिंगमध्ये. आमच्या शाखेचे एक खातेदार असं एक लहानसं रंगाईचं युनिट चालवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तसंच म्हणेन. त्या वर्षी त्यांना गोव्यातल्या एका हॉटेलची पडद्यांच्या कापडाची ऑर्डर मिळाली. रंग ठरला पिस्ता. त्यासाठी त्यांनी कर्जाची मर्यादा वाढवून मागितली आणि मालाची पाहणी करायला मी गेलो.

पाहणी म्हणजे काय केलं? बादलीत गरम पाणी मागवलं, साबण घातला, कपड्याचा तुकडा पांढऱ्या रुमालात गुंडाळून चांगला चोळला. रुमाल पांढरा राहिला. ओल्या रुमालानं कपडा घासून पाहिला, तरी पांढराच. मी अहवालात लिहिलं, 'मालाची प्रत समाधानकारक, रंग पक्का'. मर्यादा वाढली, माल गोव्याला गेला आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत तो परत येऊ लागला. समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या खोल्यांतले सगळे पडदे पिस्त्याचे निळसर झाले होते. पूर्वेच्या खोल्यांतले मात्र बरेच बरे होते. हॉटेलनं उरलेले पैसे अडवले, अण्णांचं खातं थकलं, आणि ते निस्तरायला त्यांना चार वर्षं आणि एक प्लॉट लागला.

त्या वेळी मला वाटलं होतं, अण्णांनी हलका रंग वापरला. गेल्या दिवाळीनंतर मी मुद्दाम इचलकरंजीला जाऊन त्यांना भेटलो. आता मुलगा धंदा पाहतो, अण्णा सकाळी दोन तास बसतात. मी माझ्या पडद्याचा तुकडा समोर ठेवला. ते हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही पाणी बघितलं. ऊन बघितलं नाही. मीबी बघितलं नव्हतं."

त्यांनी जे समजावलं ते सांगण्यासारखं आहे, कारण दुकानात 'पक्का' हा एकच शब्द असतो आणि तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पाण्याला पक्का म्हणजे रंगाचे कण धाग्याला इतके घट्ट धरून आहेत की साबणानं सुटत नाहीत. उन्हाला पक्का म्हणजे त्या कणांचीच मोडतोड होत नाही. पाण्यात रंग धागा सोडून जातो. उन्हात तो कुठे जात नाही, जागच्या जागी मोडतो. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो म्हणूनच आपल्याला तो रंगीत दिसतो. पण शोषलेली ती ऊर्जा प्रत्येक वेळी निमूटपणे उष्णता होऊन निघून जात नाही. कधीतरी हवेतला प्राणवायू, कपड्यातला ओलावा आणि ती ऊर्जा मिळून रेणूचा नेमका रंग देणारा सांधा तोडतात. रेणूचे तुकडे तिथेच धाग्यात राहतात, पण ते रंगहीन असतात. म्हणून उन्हानं विटलेला पडदा कितीही वेळा धुतला, घासला, तरी पूर्ववत होत नाही. तिथे मळ नाहीच, मग निघणार काय?

गोव्याच्या पडद्याचं असं झालं होतं. पिस्ता रंग एकाच डब्यातून येत नाही. तो मोरपिशी आणि पिवळा यांच्या मिश्रणातून येतो. अण्णांनी सुती कापडाला दोन्ही रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरले होते. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे धाग्याशी रासायनिक गाठ बांधणारे, म्हणून पाण्याला चांगले. त्यातला मोरपिशी उन्हालाही बऱ्यापैकी टिकणारा असतो. पिवळा निघाला दुबळा. उन्हानं पिवळा आधी मोडला, मोरपिशी उरला आणि हिरव्याचा निळा झाला. मिश्र रंगात नेहमी असं होतं. मोतिया, राखाडी, ऑलिव्ह, बदामी हे रंग दोन-तीन रंग मिसळून होतात. त्यातला सगळ्यात कच्चा गडी आधी बाद होतो आणि पडदा नुसता फिकट न पडता वेगळ्याच रंगाचा होतो. आमचा मोतिया गुलाबी झाला, त्याचं कारण तेच. त्यातला पिवळा गेला आणि लाल मागे राहिला.

पण अण्णांची खरी चूक याच्या पुढची होती आणि ती ऐकून मला माझ्या बादलीची लाज वाटली. मोरपिशी रंगाचा न बसलेला भाग धुऊन काढणं फार कटकटीचं असतं. गरम पाण्याच्या धुण्यांवर धुणी द्यावी लागतात, म्हणजे पाणी, वाफ, वेळ. तेव्हा शेवटी कपड्याला 'फिक्सर' देतात. हे रसायन सुट्या रंगाला धरून बसवतं आणि पाणी स्वच्छ निघू लागतं. अण्णांनीही दिलं. पाण्याच्या परीक्षेत कपडा पहिल्या वर्गात पास झाला. पण अशा फिक्सरांपैकी बरेच रंगाचा उन्हाला टिकण्याचा गुण कमी करतात. म्हणजे मी ज्या परीक्षेच्या जोरावर 'पक्का' लिहिलं, ती पास व्हावी म्हणून केलेल्या उपायानंच तो कपडा उन्हाला आणखी कच्चा झाला होता. भरीला रंग पिस्ता, फिका. तोच रंग गर्द छटेत असता तर अधिक टिकला असता, कारण गर्द कपड्यात रंगाचा साठा जास्त. वरचे कण मोडले तरी खालचे उरतात. फिक्यात साठाच थोडा, त्यामुळे थोडी मोडही लगेच दिसते.

"मग टिकतं काय?" मी विचारलं.

अण्णांनी कपाटातून गडद हिरव्या सुती कपड्याचा एक तुकडा काढला. "हे व्हॅट. महाग पडतं. पण मिलिटरीची वर्दी ह्याच्यात रंगते."

व्हॅट रंगाची गंमत अशी की तो मुळात पाण्यात विरघळतच नाही. त्याला कॉस्टिक सोडा आणि धंद्यात ज्याला नुसतं 'हायड्रो' म्हणतात त्या चूर्णाच्या पाण्यात घातलं की तो रूप बदलतो आणि विरघळतो. या रूपात तो सुती धाग्यात शिरतो. मग कपडा हवेत धरला, किंवा एखादं रसायन दिलं, की तो धाग्याच्या आतच पुन्हा मूळ रूपात, न विरघळणारा होऊन बसतो. आपली जुनी नीळ याच जातीची. शेवटी कपडा साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढतात. त्यानं वरचा सुटा रंग तर जातोच, पण आत बसलेले रेणू एकमेकांना चिकटून बारीक बारीक गठ्ठे होतात. ऊन पडतं तेव्हा गठ्ठ्याच्या बाहेरचे रेणू मार खातात, आतले सुरक्षित राहतात. शिवाय या वर्गातल्या चांगल्या रंगांचे रेणू मुळातच चिवट असतात. असा पहिला कृत्रिम निळा रंग 1901 साली जर्मनीत रेने बोन या रसायनज्ञानं बनवला. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये जेम्स मॉर्टन या कापडवाल्यानं लंडनच्या एका दुकानाच्या खिडकीत आपलंच कापड आठवड्याभरात विटलेलं पाहिलं आणि रंगाचे शेकडो नमुने उन्हात ठेवून टिकणारे तेवढे निवडण्याचा उद्योग आरंभला. त्यातून त्यानं न विटणारं म्हणून जे कापड बाजारात आणलं, त्याचा आधार पुढे हेच व्हॅट रंग झाले. अण्णांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "त्यानं खिडकीत बघितलं, आपण हॉटेलात."

व्हॅटलाही मर्यादा आहेत. लखलखीत लाल छटा त्यात फारशा मिळत नाहीत. आणि त्यातले काही पिवळे व नारिंगी असे असतात की स्वतः टिकतात, पण उन्हात धाग्यालाच कमकुवत करतात. रंग छान राहतो आणि एक दिवस पडदा ओढताना घडीवर टरकतो. म्हणून जुना पडदा तपासताना नुसता रंग पाहू नये, खिडकीकडच्या घडीवर दोन बोटांनी जरा ताणूनही पाहावं.

आता धाग्याकडे येऊ. धाग्याचं आणि रंगाचं नशीब वेगवेगळं असतं, हे मला या प्रकरणात नव्यानं कळलं. रेशीम उन्हात सगळ्यात लवकर जातं. रंग टिकला तरी धागा पिवळट आणि ठिसूळ होतो. खिडकीला रेशमी पडदा लावायचा तर मागे अस्तर हवंच. नायलॉनही साधाच असेल तर उन्हाला हळवा. सुती मधला. पॉलिएस्टर मात्र काचेच्या आड फार चांगलं टिकतं आणि त्याचं कारण काचेत आहे. ज्या किरणांनी आपली कातडी भाजते, ते किरण साधी काचही जवळजवळ सगळे अडवते. पॉलिएस्टरला सर्वाधिक इजा नेमकी त्याच किरणांनी होते. म्हणून बाल्कनीत उघड्यावर जे पॉलिएस्टर काही वर्षांत कमजोर होतं, ते खिडकीच्या आत वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्यावर डिस्पर्स जातीचे रंग चढतात, आणि त्यातले निवडून घेतलेले उन्हाला चांगले असतात. उघड्यावरच्या झोपाळ्याच्या गाद्या, छत्र्या यांना मात्र अ‍ॅक्रिलिक बरं. त्यातही ज्यात धागा ओढण्याआधीच द्रावणात रंग मिसळलेला असतो ते. मुळ्यासारखा वर लाल आणि आत पांढरा नाही, तर गाजरासारखा आतपर्यंत रंगीत धागा.

पण काच सगळं अडवत नाही. कातडी भाजणाऱ्या किरणांच्या जरा पुढचे अदृश्य किरण काचेतून बरेच आत येतात आणि दिसणारा उजेड तर येतोच. रंग या दोन्हींनी मोडतो. खिडकीला लावायची पारदर्शक फिल्म अदृश्य किरण जवळजवळ सगळे अडवते, ही गोष्ट खरी. पण त्यामुळे विटणं मंदावतं, थांबत नाही. उजेड आत येऊ द्यायचा आणि रंगही टिकवायचा, या दोन्ही गोष्टी पूर्णपणे साधत नाहीत. संग्रहालयात जुनी वस्त्रं 50 लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात. रोज आठ तास धरले तर वर्षाला होतात सुमारे 1,46,000 लक्स-तास. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात 1,00,000 लक्स उजेड असतो. म्हणजे संग्रहालयातल्या शालूला वर्षभरात मिळणारा उजेड आपल्या पडद्याला दीड तासात मिळतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आपण रोज मुद्दलातून खर्च करतो.

उन्हाला टिकण्याचं मोजमापही आहे. निळ्या रंगानं रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, एकपासून आठपर्यंत. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट काळ टिकते. तपासायचा कपडा आणि या पट्ट्या अर्ध्या झाकून शेजारी शेजारी एकाच उजेडात ठेवतात आणि कपडा कोणत्या पट्टीबरोबर विटतो ते पाहतात. पट्टी 3 आणि पट्टी 6 यांत फरक तिप्पट-चौपट नाही. दुप्पट, त्याची दुप्पट, त्याची दुप्पट, म्हणजे आठपट. चक्रवाढ व्याजाचा हिशेब करणाऱ्याला हे पटकन समजतं. पडद्याच्या कापडाला 5 हवा, पश्चिमेच्या खिडकीला 6 किंवा जास्त. मोठ्या कंपन्यांच्या नमुन्यांच्या पुस्तकात मागच्या चिठ्ठीवर हा आकडा बऱ्याचदा असतो. तो विचारावा. 'धुण्याचा 4-5' असं लिहिलेलं असेल तर तो वेगळा आकडा. धुण्याची मोजपट्टी 5 पर्यंतच असते, उन्हाची 8 पर्यंत. ही गल्लत दुकानात नेहमी होते.

चिठ्ठी नसेल तर? अण्णांनी गोव्याच्या फटक्यानंतर जी रीत धरली, तीच मी घरी केली. 1 मार्चला एका पुठ्ठ्यावर पाच तुकडे शेजारी शेजारी लावले. एक हळदीत रंगवलेला सुती, दुसरा आमच्या पडद्याच्या दुमडीतला मोतिया, तिसरा गर्द निळा रिअ‍ॅक्टिव्ह सुती, चौथा अण्णांचा हिरवा व्हॅट, पाचवा किरमिजी पॉलिएस्टर. प्रत्येकाचा खालचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या कागदानं घट्ट झाकला आणि पुठ्ठा पश्चिमेच्या बंद खिडकीत काचेला टेकवून ठेवला. दर रविवारी कागद उचलून झाकलेला आणि उघडा भाग सावलीत नेऊन शेजारी पाहायचा. खिडकीत उभं राहून पाहिलं तर डोळे फसतात.

हळद दोन दिवसांत गेली. म्हणून ती लावायची, ऊन काम करतं आहे याची ती पावती. मोतियाच्या उघड्या भागाला तिसऱ्या रविवारी गुलाबी झाक आली, आणि एप्रिलअखेर सौभाग्यवतींनी चष्म्याशिवाय फरक सांगितला. गर्द निळ्यात मेच्या मध्यापर्यंत काही दिसलं नाही, मग जरा मलूल वाटला. व्हॅट आणि पॉलिएस्टर यांच्यात 31 मेला कागदाची रेघ मला शोधूनही सापडली नाही. याचा अर्थ ते कधीच विटणार नाहीत असा नाही. तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात विटले नाहीत, एवढाच. पण मोतियाशी तुलना करायला एवढं पुरेसं होतं.

प्रयोग पश्चिमेच्या खिडकीतच का, याचंही कारण आहे. कोल्हापूर उत्तर अक्षांश 16.7 अंशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं आत येत नाही. छज्जा ते पेलतो. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारीही सुमारे 50 अंशांवरच राहतो आणि त्याच खिडकीतून ऊन सोफ्यापर्यंत पोचतं. थंडीतलं ते ऊन आपल्याला गोड वाटतं, म्हणून आपण पडदा सारून ठेवतो आणि सोफ्याची खोळ मुकाट्यानं विटत राहते. पूर्व-पश्चिमेला तिरपं ऊन बारा महिने, आणि पश्चिमेला ते दुपारभर. म्हणून एकाच थानातले पडदे सगळ्या खिडक्यांना लावले तरी ते एकत्र म्हातारे होत नाहीत.

सोफ्याच्या खोळीवर आणखी एक गोंधळ असतो. तिचा रंग उन्हानं गेला की धुण्यानं, घासण्यानं? खोळ उलटी करून पाहावी. मागची बाजू गर्द आणि पुढची फिकी असेल तर ऊन. दोन्ही बाजू आणि शिवणीच्या आतली पट्टी सारखीच फिकी असेल तर धुणं, किंवा साबणातला ब्लीच. हाताच्या आणि पाठीच्या जागाच तेवढ्या उजळ असतील तर घर्षण. आमच्या सोफ्यावर पाठीमागच्या कडेला खिडकीच्या चौकटीच्या आकाराचा एक तिरपा चौकोन उमटलेला आहे, तिथे निदानाला वैद्याची गरज नाही.

यंदा आम्ही असं केलं. पश्चिमेला पॉलिएस्टरचे गर्द पडदे, त्यांना मागून सुटं पांढरं सुती अस्तर, कड्यांना वेगळं अडकवलेलं. उन्हाचा मार अस्तर खाईल, चार-पाच वर्षांत विरेल, मग तेवढंच बदलायचं. उत्तरेच्या खोलीत सौभाग्यवतींच्या हौसेचे फिके सुती. तिथे ते चालतील. डावा-उजवा पडदा दर दिवाळीला आपसात बदलायचा, म्हणजे एकच कड सतत उन्हात राहणार नाही.

जुन्या मोतिया पडद्याच्या दुमडीतली एक वीतभर पट्टी मी कापून घेतली, तिच्यावर तारीख घातली आणि अण्णांना नेऊन दिली. त्यांनी ती कपाटातल्या डब्यात ठेवली. त्या डब्यात तळाशी एक तुकडा होता, अर्धा पिस्ता, अर्धा निळसर. अण्णांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा तुमचा अहवाल, साहेब." मी तो घरी मागितला. त्यांनी दिला नाही.